शनिवारचं अडलेलं

दिपमालाबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकून कुणीही त्यांच्या नावानं बोटं मोडेल, आणि मोडावीतही. पण कामचुकार म्हणाल तर ती बाई नव्हे. एरंडोल तालुक्यातल्या शाळेत त्यांनी उभी नोकरी वर्गावर काढली. कधी उशिरा गेल्या नाहीत, कधी खोटी रजा टाकली नाही. मुख्याध्यापक म्हणून बढती आली आणि शाळा मिळाली ती पार चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, कळमझिऱ्याची. नवरा म्हणाला, नाकार ना, एवढ्या लांब मरायला कशाला जातेस? बाई म्हणाल्या, जन्मभर दुसऱ्याच्याच हाताखाली राबू का? आणि चोपड्यात खोली घेऊन जूनमध्ये हजर झाल्या.

कळमझिऱ्याची शाळा पाचवीपर्यंतची. पोरं बहुतेक पावरा समाजाची, पाड्यांवरून पायी येणारी. घरी पावरी बोलायची, बाजारात अहिराणी आणि शाळेत आल्यावर पुस्तकातली मराठी, म्हणजे सहा वर्षांच्या जिवाला एवढ्या भाषांचं ओझं. अशा शाळेतही चौथीपर्यंत बहुतेक पोरं वाचायला लागत, आणि ती लागत याचं श्रेय लोक अभिमन नानांना द्यायचे. नाना म्हणजे आधीचे मुख्याध्यापक, मे महिन्यात निवृत्त झालेले. धोतर-टोपीवाले नव्हेत हं, साधा हाफ शर्ट, पायात प्लास्टिकच्या चपला. शिक्षकांवर आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. स्वतः पाचवीचं गणित शिकवायचे आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर पोरांच्या चपला चोरून खेळणारं कुत्रं झोपलं तरी त्यांना चालायचं.

नानांनी शाळेला एक खोड लावून ठेवली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळे शिक्षक चिंचेखाली बसायचे. खिचडी शिजवणाऱ्या बेबाबाई चहा आणून ठेवायच्या. नाना विचारायचे, ‘अडलं काय?’ आणि पहिल्यांदा स्वतःचंच सांगायचे. आज मला भागाकार समजावता आला नाही, अर्धा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसला, कुणाला सुचतंय का काही? मग एकेक जण आपलं अडलेलं काढायचा. पहिलीच्या रत्नाबाई म्हणायच्या, अमकं पोर तोंडच उघडत नाही. तिसरीचे कौतिक सर म्हणायचे, माझं मीच चिडतो हल्ली, पोरं घाबरतात मला. कुणी हसायचं नाही. कुणीतरी म्हणायचं, सोमवारी तुझा वर्ग मी घेते, तू माझा घे. एखाद्याचा बाप पोराला कामावर नेतोय असं कळलं तर चिंचेखालून उठून सगळे सरळ पाड्यावर जायचे. बस्स, एवढंच. याला कुठं अहवाल नव्हता की फोटो नव्हता.

पदभार देताना नाना बाईंना म्हणाले, ‘बाकी काय मोडायचं ते मोडा, बाई. शनिवार तेवढा मोडू नका.’ बाईंनी मान हलवली. मनात म्हणाल्या, चहा पीत गप्पा छाटायची सोय चांगली करून ठेवली आहे म्हाताऱ्यानं.

पहिल्या शनिवारी त्या चिंचेखाली बसल्या ते डोक्यात वेगळंच घेऊन. आदल्या दिवशी तालुक्याला बैठक झाली होती. एका अधिकाऱ्यानं भर सभेत त्यांना उभं करून विचारलं होतं, तुमच्या शाळेतली किती मुलं वाचत नाहीत, आकडा सांगा. नवीन आहे म्हटल्यावर तो म्हणाला होता, नवीन आहात म्हणून मुलांनी निरक्षर राहायचं का? सगळे हसले होते. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना चारचौघांत खाली बघावं लागलं होतं, आणि ते हसू त्यांच्या कानातून जात नव्हतं.

त्या दिवशी चौथीचे जगदीश सर बोलले. तरणा मुलगा, धुळ्याकडचा, कळमझिऱ्यातच खोली घेऊन राहणारा. म्हणाला, माझ्याकडे शीतल आहे, दिलवरसिंगची पोरगी. दरवर्षी दिवाळीनंतर बाप तिला ऊसतोडीला गुजरातेत घेऊन जायचा, त्यात तिची शाळाच झाली नाही. गेल्या वर्षी नानांनी आणि आम्ही जाऊन बापाला पटवलं, पोरगी आजीकडे राहिली. आता कुठे अक्षरं धरायला लागलीये. ती पावरीत बोलते ते मी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहितो, स्वतःचंच बोलणं ती ओळखते, मग त्यातली अक्षरं सुटी करतो. पण पुस्तकाचं पान समोर धरलं की पोरगी दगड होते. मला पुढं काय करावं कळत नाही.

हा माणूस मदत मागत होता. बाईंना ऐकू आलं ते एवढंच, की चौथीत एक मूल वाचत नाही आणि शिक्षकाला त्याचं काही वाटत नाही. सोमवारी परिपाठाला, प्रार्थना झाल्यावर, सगळ्या पोरांसमोर त्यांनी जगदीशला विचारलं, की चौथीतलं मूल वाचत नाही, याचा लेखी खुलासा दुपारपर्यंत माझ्या टेबलावर येईल ना? जगदीशचं तोंड कानांपर्यंत लाल झालं. चौथीच्या रांगेत शीतल उभी होती. नाव घेतलं नव्हतं, पण पोरं काय खुळी असतात? सगळ्या रांगेनं वळून तिच्याकडेच पाहिलं.

पुढच्या शनिवारी बाईंनी विचारलं, अडलं काय? रत्नाबाई म्हणाल्या, काही नाही मॅडम. कौतिक सर म्हणाले, माझ्याकडे सगळं बरं आहे. जगदीश चहाच्या कपात बघत राहिला. बेबाबाई कप गोळा करता करता पुटपुटल्या, ‘एकच आठवड्यामा बठ्ठं बरं व्हई गये?’ एका आठवड्यात सगळंच कसं बरं झालं, या त्यांच्या प्रश्नाकडे बाईंनी लक्ष दिलं नाही. उलट त्यांना फार समाधान वाटलं. घरी नवऱ्याला फोनवर सांगितलं, थोडी वेसण घातली की माणसं कशी सुतासारखी सरळ होतात बघ. पुढे शनिवारची बैठक त्यांनी बंद केली. अडतच नाही काही, तर बसायचं कशाला?

मग बाईंचा कारभार सुरू झाला. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज प्रत्येक तासाचा फोटो आला पाहिजे. फोटोत मुलं ताठ बसलेली पाहिजेत, पुस्तक उघडं पाहिजे. बाई व्हरांड्यातून फिरायच्या आणि खिडकीत उभ्या राहायच्या, आत मात्र कधी गेल्या नाहीत. ज्याच्या वर्गात गोंगाट त्याला ग्रुपवरच सगळ्यांदेखत सुनावायच्या. रत्नाबाई पूर्वी पहिलीच्या पोरांना घेऊन अंगणात नाचून गाणी म्हणायच्या, ते थांबलं. कौतिक सर आधीच तापट, नानांनी महत्प्रयासानं त्यांच्या हातातली छडी सोडवली होती. ती पुन्हा टेबलावर दिसायला लागली. वर्ग शांत राहिला पाहिजे ना, मग? जगदीश शाळेच्या आधी तासभर येऊन शीतलसारख्या पोरांना घेऊन बसायचा. त्यानं ते सोडलं. घंटेला यायचा, घंटेला जायचा. बाईंनी कधी त्याला उशीर झालेला पाहिला नाही, म्हणून त्या त्याच्यावर खूश होत्या.

शाळा गप्प झाली होती. एवढ्या पोरांची शाळा आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं आज सुट्टी आहे. बाईंना ती शांतता आवडायची. शिस्त आली, त्या म्हणायच्या. अरे, शिस्त कसली? पोरं प्रश्न विचारीनाशी झाली होती आणि शिक्षक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. डबे आपापल्या वर्गात बसून खायचे. ग्रुपवर तेवढा प्रत्येक निरोपाला नमस्काराचा हात यायचा.

दिवाळीनंतर वाचनाची तपासणी लागली. जिल्ह्याचं पथक येणार, चौथीच्या मुलांना पुस्तकातलं पान वाचायला देणार. बाईंनी जगदीशला बोलावून विचारलं, सगळी वाचतील ना? जगदीश म्हणाला, वाचतील. त्यांनी पुन्हा विचारलं, सगळी? तो म्हणाला, जी वर्गात असतील ती सगळी, मॅडम. बाईंच्या मनात काहीतरी टोचलं, नाही असं नाही. ती दिलवरसिंगची पोरगी, तिचं काय, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचं उत्तर त्यांना नको होतं. तालुक्याच्या सभेतलं ते हसू अजून कानात होतं. त्यांनी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी शाळेत रांगोळी काढली. पथकातल्या साहेबांनी एकेका पोराला उठवलं, पोरं घडाघडा वाचत गेली. साहेब खूश. बाई मागं उभ्या होत्या, त्यांचाही ऊर भरून आला. तेवढ्यात एक पोरगा वाचत असताना साहेबांनी घड्याळ बघायला हात वळवला आणि त्यांचा पंजा पानावर आडवा आला. ओळी झाकल्या गेल्या. पोरगा थांबला नाही. झाकलेल्या ओळीही तो तशाच घडाघडा बोलत गेला, नजर समोरच्या भिंतीवर. साहेबांच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनाही घरी जायची घाई होती. बाईंनी मात्र पाहिलं. चौथीचा वर्ग जन्मभर घेतलेली बाई ती, तिला पाठांतर आणि वाचन यातला फरक कळत नाही होय? त्यांनी जगदीशकडे पाहिलं. तो त्यांच्याचकडे बघत होता, अगदी शांतपणे. बाईंनी नजर वळवली आणि साहेबांना चहाचं विचारलं.

सगळ्यांनी अभिनंदन केलं, फोटो झाले. साहेब म्हणाले, ही शाळा आदर्श म्हणून दाखवू आपण. सांज व्हायच्या आधी बाई स्कूटी घेऊन चोपड्याला निघाल्या. पाड्याच्या वळणावर नाल्याच्या पुलाला टेकून एक पोरगी बसलेली दिसली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, रिबिनी, पाठीवर दप्तर. बाईंनी गाडी थांबवली. शीतल होती ती.

शाळेत का आली नाहीस, त्यांनी विचारलं. शीतल उठून उभी राहिली, हात मागं बांधून, परिपाठाला उभं राहतात तशी.

‘सर बोलले, आज नको येऊ. मोठे साहेब येणार.’

‘मग गणवेश कशाला घातलास?’

‘आजीला सांगितलं नाही. आजी रडते.’ मग पोरगी बाईंचीच समजूत काढावी तशी म्हणाली, ‘सरांना नका रागावू मॅडम. मला वाचता येत नाही, त्यांचं काही नाही.’

सबंध दिवस ती पोरगी दप्तर पाठीवर घेऊन पुलावर बसून राहिली होती. शाळेच्या घंटा तिथं ऐकू येत होत्या. बाईंनी पर्समधला बिस्किटांचा पुडा काढून दिला. शीतलनं तो दोन्ही हातांनी घेतला, उघडला नाही. उद्या ये हं, बाई म्हणाल्या. शीतलनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शीतल आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बाईंनी जगदीशला ऑफिसात बोलावलं. तो आल्या आल्या त्या कडाडल्या, पोरीला घरी बसवायचा अधिकार तुला कुणी दिला? जगदीश उभाच राहिला. म्हणाला, चुकलं माझं. त्याची शिक्षा द्या, मी घेतो. बाई म्हणाल्या, अरे पण मला सांगायचं होतंस, पोरगी तयार नाही म्हणून. काहीतरी केलं असतं आपण.

‘सांगितलं होतं ना, मॅडम,’ जगदीश म्हणाला. ‘चिंचेखाली. पहिल्याच शनिवारी.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी त्याला उत्तर दिलं असतं. मग त्यांनी विचारलं, आता पोरगी कुठं आहे? जगदीश म्हणाला, माहीत नाही, पाड्यावर जाणं मी सोडलंय. बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, चल.

पाड्यावर दिलवरसिंगच्या झोपडीला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर त्याची आई, दिवालीबाई, तुरी निवडत बसली होती. म्हातारीनं जगदीशला ओळखलं, बाईंकडे एकदाच पाहिलं. मुकादमाची गाडी काल पहाटेच गेली म्हणाली. सगळे गेले, सुरतेच्या बाजूला, उसाला. पोरीला का पाठवलं, जगदीशनं विचारलं, गेल्या वर्षी ठेवलं होतं ना तुम्ही?

म्हातारी सूप हलवत राहिली. बाप यंदाही ठेवायला तयार होता, ती म्हणाली. गेल्या वर्षी तुम्ही सगळे गुरुजी आले होते, त्यानं शब्द दिला होता. यंदा त्यानं दिवाळीभर वाट पाहिली, कुणी येतं का. कुणी आलं नाही. तरी तो म्हणत होता ठेवू. पोरगीच हट्टाला पेटली. माझ्यानं शाळेचं नाव खराब होतं म्हणे. उसात माझं काम कुणी तपासत नाही. म्हातारीनं हे मोडक्या मराठीत, तोडून तोडून सांगितलं, बाईंना कळावं म्हणून. मग आत गेली आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आली. तो अजून बंदच होता. हे तुमचं, म्हणाली, पोरगी ठेवून गेली.

परतताना जगदीश पुढं चालत होता, बाई मागं. त्यांना वाटत होतं, हा काहीतरी बोलेल, शिव्या देईल, निदान डोळे तरी पुसेल. त्यानं काही केलं नाही. शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाला, मॅडम, माझा तास आहे, जाऊ? आणि गेला. थोड्या वेळानं ग्रुपवर त्याच्या वर्गाचा फोटो आला. पोरं ताठ बसली होती. एका बाकावर जागा रिकामी होती आणि ती दिसू नये म्हणून दप्तर ठेवलेलं होतं.

त्या रात्री बाईंनी नानांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नानांनी हॅलो म्हटल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, नाना, शनिवार मोडला माझ्याकडून. नाना म्हणाले, पुन्हा मांडून बघा, बाई. पण मला तो बसवायला फार वर्षं लागली होती. पहिली काही वर्षं मी एकटाच बोलायचो.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी निरोप पाठवला, सगळ्यांनी चिंचेखाली या. सगळे आले. वेळेवर आले, ओळीनं बसले, पाठ ताठ. बेबाबाईंनी चहा ठेवला आणि जायच्या त्या तिथंच बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. रत्नाबाईंच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, हे त्यांना आजच दिसलं. बदलीच्या अर्जावर कौतिक सरांची सही त्यांनी कालच पाहिली होती.

‘अडलं काय?’ बाईंनी विचारलं.

कुणी बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, बरं, पहिल्यांदा मीच सांगते. आणि त्या बोलायला लागल्या. तालुक्याच्या सभेत लोक हसले त्याबद्दल बोलल्या. तपासणीच्या दिवशी तो पोरगा झाकलेल्या ओळी वाचत गेला, ते पाहूनही गप्प राहिल्याचं बोलल्या. परिपाठाला जगदीशला उभं केलं, शीतल पुलावर बसून राहिली, तिच्या आजीनं पुडा परत दिला, सगळं सांगितलं. आदर्श शाळेचं मी कळवून टाकते नको म्हणून, त्या म्हणाल्या. शीतलला परत कसं आणायचं ते मला कळत नाही. माझं हे अडलंय. तुम्ही सांगा, मी ऐकते.

चहा निवत चालला. जगदीश जमिनीकडे बघत होता. खरं सांगायचं तर बाईंना त्या क्षणी वाटलं होतं, की आता कुणीतरी बोलेल. एवढं पोटातलं काढून ठेवल्यावर माणसं बोलतातच. रत्नाबाईंनी जगदीशकडे पाहिलं, जगदीशनं कौतिक सरांकडे. कौतिक सर सगळ्यांत जुने. त्यांनी घसा साफ केला, खिशातून पेन काढलं, आणि अगदी मनापासून, कसलाही खवचटपणा न ठेवता, अदबीनं विचारलं, ‘मॅडम, यावर आम्ही खुलासा लेखी द्यायचा का?’